साडेनऊचा खलबत्ता

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री पावणेदहाला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. आत न येताच त्यांनी विचारलं, "अरे, रागावू नकोस, पण तुम्ही रोज साडेनऊला नेमकं कुटता काय? चटणी की दाण्याचं कूट?"

मी कानातून हेडफोन काढत होतो. आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि शू-रॅकच्या मधल्या जागेत, माझा नवाकोरा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट. विकणाऱ्याने "सर, एकदम सायलेंट, फ्लॅटसाठीच बनवलाय" असं सांगून गळ्यात मारलेला. त्यातून माझ्या कानात रॉक कॉन्सर्ट चालू होती आणि काकूंच्या बेडरूममध्ये खलबत्ता. काकांची बायपास होऊन तीन आठवडे झाले होते, रात्री गोळी घेऊन ते नऊलाच आडवे व्हायचे. काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चिडल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

मी सॉरी म्हटलं, सेटवर चादर टाकली आणि सवयीप्रमाणे बग नेमका कुठे आहे ते शोधायला बसलो. वाचता वाचता शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. आवाज न करता ड्रम्स शिकण्याचा प्रश्न माझ्याआधी बऱ्याच जणांना पडला होता, आणि त्याचं निम्मं उत्तर फार पूर्वीच सापडलं होतं. उरलेलं निम्मं काकूंच्या छतात अडकलं होतं.

गोष्टीच्या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा आहे, शिकागोचा विल्यम एफ. लुडविग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिएटरच्या खड्ड्यात बसणाऱ्या ड्रमरला एकट्याने दोन-तीन जणांचं काम करावं लागे. मोठा बास ड्रम पायाने वाजवायची पेडल्स तेव्हाही होती, पण ती जड आणि आळशी होती. लुडविगने वेगाने परत येणारं पेडल बनवलं आणि १९०९ मध्ये भावाबरोबर कंपनी काढून ते विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो, म्हणजे एक माणूस, चार हातपाय आणि सगळं एका जागी, तो या पेडलमुळे शक्य झाला. पुढे रॉक संगीत ज्या 'धप्प'वर उभं राहिलं, तो याच पेडलचा धप्प.

हाच लुडविग १९३३ मध्ये तेरा ड्रमर्सच्या एका बैठकीत दिसतो. देशभर प्रत्येक मास्तर वेगळे बोल शिकवतो, तर निदान पाया एक असावा, म्हणून त्यांनी तेरा 'रूडिमेंट्स' अत्यावश्यक ठरवले. त्यात आणखी तेरांची भर पडून सव्वीस झाले आणि १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ती यादी चाळीसवर नेली. रूडिमेंट म्हणजे आपल्या तबल्यातल्या पलट्यासारखी गोष्ट, उजवा-डावा हात कोणत्या क्रमाने पडेल याचे साचे. ती दिवसभर घोटायची, तर खऱ्या स्नेअरवर घोटून चालत नाही, शेजारी आणि स्वतःचे कान दोन्ही जातात. म्हणून तिरक्या लाकडी ठोकळ्यावर मधोमध चिकटवलेली रबराची चकती हे त्या काळापासूनचं साधन. तिलाच प्रॅक्टिस पॅड म्हणतात.

पॅडचं एक विशेष आहे. आवाज कमी करणं हा त्याचा अर्धाच गुण. खरा ड्रम प्रत्येक फटक्यानंतर काही क्षण गुंजत राहतो आणि त्या गुंजण्याखाली तुमच्या चुका झाकल्या जातात. रबर गुंजत नाही, 'टक' म्हणून गप्प बसतं. डावा हात उजव्यापेक्षा कच्चा असेल (असतोच) तर टक-टुक टक-टुक असं स्पष्ट ऐकू येतं. बोस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोनने १९३५ मध्ये 'स्टिक कंट्रोल' नावाचं पुस्तक काढलं, ते आजही जगभर वापरात आहे. पहिल्या पानावर सूर नाही, गाणं नाही, नुसती उ आणि डा ची बाराखडी: उडाउडा, डाउडाउ, उउडाडा, उडाउउ डाउडाडा. प्रत्येक ओळ न थांबता वीस वेळा. ज्यांना कंटाळा येतो त्यांचा डावा हात कधीच सुधारत नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मला कंटाळा आला होता. :)

पॅड घेणार असाल तर दोन जाती ओळखून घ्या. एकावर खऱ्या ड्रमसारखी ताणलेली प्लॅस्टिकची फिल्म असते. रेमो बेली या ड्रमरने १९५७ मध्ये कातड्याऐवजी पॉलिएस्टर फिल्मची ड्रमहेड्स बाजारात आणली, त्याच कंपनीचे हे करड्या कडेचे पॅड सगळीकडे दिसतात. चांगले आहेत, चावीने ताण कमी-जास्त करता येतो, पण फ्लॅटमध्ये त्यांचा 'टॉक' भिंतीपलीकडे जातो. दुसरे लाकडावर रबराचे. हे खरंच गप्प असतात. मात्र टीपॉयवर ठेवलात तर टीपॉयच ड्रम होतो. मांडीवर घ्या किंवा खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा.

थोडक्यात, हातांचा प्रश्न लुडविगच्या पिढीनेच सोडवला होता. पायाचं काय? पायाला पॅड लावलं तरी त्यावर पेडलचा हातोडा आदळणारच.

आता इलेक्ट्रॉनिक ड्रम्स. माझी समजूत होती की हे यंत्र शांततेसाठी जन्माला आलं. अगदी उलट. मूडी ब्लूजच्या ग्रेम एजने ससेक्स विद्यापीठातल्या ब्रायन ग्रोव्ह्‌जकडून एक इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवून घेतला आणि १९७१ च्या त्यांच्या अल्बममध्ये वापरला, तो नवीन आवाजासाठी. त्यानंतर १९८१ मध्ये इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा एसडीएस-व्ही आला. षटकोनी पॅड असलेला, ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओंमध्ये हमखास दिसणारा तो सेट. किंग क्रिमझनचा बिल ब्रुफर्डही तो वाजवायचा. तो होता स्टेजवर स्पीकरमधून दणदणाट करण्यासाठी. त्याच्या पॅडचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा होता, म्हणजे दंगलीत पोलीस ज्या पारदर्शक ढाली धरतात त्या जातीचं प्लॅस्टिक. त्यावर रोज दोन तास काठी मारली की काय होणार? मनगटं दुखायला लागली. फटक्याची सगळी ऊर्जा परत हातात. पुढच्या मॉडेल्समध्ये रबर आलं.

रबराने हात वाचले, पण रबर हे पॅडच. खरा ड्रम काठीखाली किंचित दबतो आणि मग उसळी देतो. ही जागा भरली १९९७ मध्ये. जपानच्या रोलंड कंपनीने व्ही-ड्रम्सचा टीडी-१० सेट काढला, त्यावर रेमोच्या सहकार्याने बनवलेलं जाळीचं हेड होतं. कल्पना इतकी साधी की हसू येतं. ड्रमहेड आवाज करतं कारण ते हवा ढकलतं. तेच दुहेरी विणीच्या जाळीचं केलं तर हवा भोकांतून आरपार जाते, ताण आणि उसळी मात्र शिल्लक राहते. जाळीच्या खाली फोमचा सुळका, त्याच्या बुडाशी पिझो सेन्सर. फटक्याचा दाब फोममधून पिझोवर जातो, पिझो लहानसं व्होल्टेज देतो आणि मॉड्यूल त्यावरून ठरवतं की स्नेअरचा कुठला आवाज किती जोरात द्यायचा. पूर्वी महागड्या सेटपुरतं असलेलं जाळीचं हेड आता स्वस्त सेटवरही मिळतं. माझ्याकडे होतं ते असंच एक.

पण जाळी लबाड आहे. ती खऱ्या ड्रमपेक्षा जास्त उसळते, ट्रॅम्पोलिनसारखी, त्यामुळे आपल्याला फार छान डबल स्ट्रोक येतो असा गोड गैरसमज होतो. शिवाय मॉड्यूल तुमच्या चुका सफाईने पॉलिश करून देतं. एकदा मी सेट यूएसबीने लॅपटॉपला जोडून एक मिनिटाचा साधा उजवा-डावा रेकॉर्ड केला. मिडीमध्ये प्रत्येक फटक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात येतो. हेडफोनमध्ये मला सगळं एकसारखं वाटत होतं. आकड्यांत उजवा हात नव्वदीच्या आसपास आणि डावा साठीत. रबराच्या पॅडवर हेच मला कानांनी कळलं असतं. तेव्हापासून पहिली वीस मिनिटं पॅड, मग सेट, हा नियम.

असो. तर काकूंचा खलबत्ता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंची परवानगी काढून बायकोला खाली पाठवलं आणि फोन चालू ठेवून एकेक गोष्ट वेगळी वाजवली. आधी फक्त स्नेअर, एक मिनिट. बायको म्हणाली, काही नाही. मग टॉम्स, काही नाही. रबरी सिंबल्स आमच्याच हॉलमध्ये सगळ्यात जास्त टकटक करतात, पण खाली तीही नाहीत. मग हाय-हॅटचं पेडल: "हं, बारीक येतंय." मग किक. बायकोने काही बोलायच्या आधीच मागून काकूंचा आवाज आला, "हाच तो!"

आवाजाला खाली जायला दोन वाटा असतात. एक हवेतून. ती वाट बंद करायचं काम जाळीने आणि हेडफोनने चोख केलं होतं. दुसरी वाट घराच्या हाडामांसातून. किकचा हातोडा पॅडवर आदळतो, पॅडचा स्टँड फरशीला टेकलेला, फरशीखाली स्लॅब, आणि तो स्लॅब म्हणजेच काकूंचं छत. शंभरेक चौरस फुटांचा पडदा माझ्या टाचेने हलत होता. हेडफोनमधल्या व्हॉल्यूमचा याच्याशी काहीच संबंध नाही. मॉड्यूल बंद करून वाजवलं तरी खाली तेवढाच धप्प. रात्री दहा ते सहाचा आवाजाचा नियमही कामाचा नाही, कारण साडेनऊला मी कायद्याने निर्दोष होतो आणि काका जागे होते. (गणपतीत खालच्या चौकात पन्नास ढोल वाजतात तेव्हा काकू गॅलरीत उभ्या राहून कौतुकाने बघतात, पण त्याला वर्षातून दहा दिवस असतात.)

पहिला उपाय मी केला तो सगळे करतात तोच: जिममध्ये असतात त्या बारा मिलिमीटरच्या फोमच्या जोडमॅट. फरक शून्य. बायकोच्या मते थोडं वाढलंच. मला तेव्हा ते पटलं नाही, पण ती बरोबर होती, आणि ते कळायला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आठवावं लागलं.

मऊ वस्तूवर वजन ठेवलं की ते स्प्रिंगवरचं वजन होतं आणि त्याला स्वतःचा एक डुलण्याचा वेग असतो. तो काढायला एक सोपं सूत्र आहे. वजनाने ती वस्तू किती मिलिमीटर दबली तेवढं मोजायचं:

```
f = 15.8 / √d      (d मिलिमीटरमध्ये, f हर्ट्झमध्ये)
```

या f च्या साधारण १.४ पटीच्या वरचीच कंपनं अडतात. त्याखाली काही अडत नाही, आणि f च्या जवळपासची तर उलट वाढतात. माझी मॅट सेटच्या पायांखाली फार तर पाव मिलिमीटर दबत असेल. म्हणजे f आला सुमारे ३२, आणि फायदा सुरू होणार ४५ हर्ट्झच्या पुढे. किकच्या धप्पमधला मोठा वाटा याच खालच्या भागात असतो. मी काकूंना खलबत्त्याखाली टॉवेल घालून दिला होता आणि टॉवेल नेमका खलबत्त्याच्या तालात नाचत होता.

तेव्हा हवी होती जास्त दबणारी आणि तरी वजन पेलणारी गोष्ट. रोलंडने यासाठी नॉईज ईटर नावाची रबरी घुमटांची पायपुसणीवजा वस्तू काढली आहे, ती पेडलखाली ठेवायची. हातोडा पॅडवर न आदळवणारी किक-पेडल्सही आहेत. २०२२ मध्ये तर फक्त शांततेवर बेतलेला वेगळा सेटच आला. म्हणजे लुडविगच्या पेडलचा आवाज हा प्रश्न कारखानदारांनी मनावर घ्यायला शंभरेक वर्षं गेली. पण या सगळ्यांच्या किमती बघून मी जगभरचे फ्लॅटवासी ड्रमर करतात ते केलं: टेनिसचे चेंडू.

टेनिसच्या चेंडूचा मऊपणा नियमाने बांधलेला असतो. सुमारे ८ किलो भार टाकला की नेहमीचा चेंडू साधारण ५.६ ते ७.४ मिलिमीटर दबला पाहिजे, तरच तो स्पर्धेला चालतो. असा प्रमाणित स्प्रिंग स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो म्हटल्यावर आणखी काय पाहिजे! माझं वजन ६८ किलो, सेट आणि स्टूल मिळून २५, वरची पाच बाय चार फुटी १८ मिलिमीटरची प्लायवूड साधारण २० किलो. एकूण ११३. सोळा चेंडू घेतले तर प्रत्येकावर सात किलो. दाब साडेपाच मिलिमीटर धरला तर f येतो ६.७, आणि फायदा साडेनऊ हर्ट्झपासूनच सुरू. चाळीस हर्ट्झचा धप्प कागदावर तीन टक्के उरतो. प्रत्यक्षात इतकं कमी होत नाही, कारण झटक्याला रबर जास्त कडक वागतं आणि स्लॅब स्वतःही हलतो, पण दिशा कळली.

सुताराकडून खालच्या बारा मिलिमीटरच्या प्लायला दोन इंची सोळा भोकं पाडून घेतली, म्हणजे चेंडू घरंगळत नाहीत. तो म्हणाला, "साहेब, कुत्र्याचं घर का?" वर अख्खी प्लाय, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर सेट आणि स्टूल. स्टूल वर घेणं महत्त्वाचं आहे. माझं वजन वर नसेल तर चेंडू पुरेसे दबत नाहीत, आणि जमिनीवर बसून डुलणाऱ्या सेटवर पाय मारायला जमतही नाही.

पहिल्या रात्री खाली अजूनही आवाज. बारीक, पण येत होता. हात टेकवून शोधत गेलो तर वरच्या प्लायचा एक कोपरा भिंतीला जेमतेम टेकला होता. अख्खा तरंगता मंच त्या अर्ध्या इंचातून भिंतीशी बोलत होता. चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडली आणि तो गेला. दुसरी गडबड अशी की स्टुलाच्या बाजूला मंच खाली झुकायचा, कारण बहुतेक वजन तिथेच. पाणसळ ठेवून बघितलं आणि समोरचे दोन चेंडू काढून स्टुलाखाली सरकवले. चेंडू कालांतराने हवा सोडतात. एखादा कोपरा बसायला लागला की समजायचं, आणि नवीन घालताना शेजारच्यांसकट बदलायचे, कारण जुना-नवा मिसळला की मंच पुन्हा तिरका होतो.

मर्यादाही सांगतो. वेगात सलग सोळावे मारले की मंच जहाजासारखा डुलतो. १२० च्या लयीत सोळावे म्हणजे सेकंदाला आठ फटके, आणि तो आकडा आपल्या ६.७ च्या फार जवळ येतो. त्यामुळे डबल पेडल शिकायचं स्वप्न सध्या गुंडाळून ठेवलंय. एक-तीनवर किक, दोन-चारवर स्नेअर, वर हाय-हॅटचे आठ, एवढ्या पायाभूत रॉक ठेक्याला काही अडत नाही. प्लॅस्टिकचा हातोडा काढून फेल्टचा लावला, त्यानेही फरक पडला. आणि ज्या दिवशी नुसता पायाचाच रियाज असतो त्या दिवशी हातोडा काढूनच टाकतो आणि मोकळं पेडल दाबत बसतो. आवाज येत नाही, पण घोट्याला लय कळते.

पुन्हा बायको खाली, फोन चालू, स्नेअर, टॉम, हाय-हॅट, किक. बराच वेळ काही उत्तर नाही. मला वाटलं कॉल कट झाला. मग बायको म्हणाली, "तू वाजवतोयस का?"

काका आता बरे आहेत, सकाळी चालायला जातात. परवा लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "काय रे, चटणी बंद केलीस वाटतं?" मी हो म्हटलं. खरं काय ते काकूंना माहीत आहे, त्यांनीही सांगितलेलं दिसत नाही.